खाते हॅक झाल्यावर: तक्रारीआधीचा पुरावा

ऑनलाइन खाते दुसऱ्याने बळकावले की दोन कामे एकदम अंगावर येतात. एक म्हणजे खाते परत ताब्यात घेणे आणि दुसरे म्हणजे ते कोणी, कधी, कुठून घेतले याचा माग टिकवणे. ही दोन कामे बरेचदा एकमेकांच्या आड येतात. कंपन्यांच्या मदतपानांवरच्या सूचना पहिल्या कामासाठी लिहिलेल्या असतात: पासवर्ड बदला, सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा, संशयास्पद मेल डिलीट करा. खाते सुरक्षित करण्यासाठी या सूचना योग्यच आहेत. पण त्या त्याच क्षणी, काहीही जपून न ठेवता पाळल्या तर हॅकरच्या उपकरणाची नोंद पडद्यावरून जाते आणि फसवणुकीचा मूळ मेलही जातो. मग सायबर पोलीस ठाण्यात तक्रारदार पोहोचतो तेव्हा सांगायला हकीकत असते, दाखवायला काही नसते.

तपास अधिकाऱ्याला नेमके काय लागते हे कळले की काय जपायचे ते आपोआप ठरते. स्क्रीनशॉटमध्ये हॅकरचा चेहरा किंवा पत्ता दिसत नाही. खरी नोंद कंपनीच्या सर्व्हरवर असते: अमुक खात्यात, अमुक क्षणी, अमुक आयपी पत्त्यावरून कोणीतरी शिरले. पोलीस कंपनीला नोटीस पाठवून ती नोंद मागवतात. त्यातला आयपी पत्ता ज्या इंटरनेट कंपनीचा निघेल तिला दुसरी नोटीस जाते आणि त्या क्षणी तो पत्ता कोणत्या ग्राहकाकडे होता हे विचारले जाते. तिथून सिमकार्ड, पत्ता आणि शेवटी माणूस. तक्रारदाराच्या स्क्रीनशॉटचे काम या साखळीच्या पहिल्या कडीपुरते असते. कोणत्या खात्याबद्दल आणि कोणत्या वेळेबद्दल विचारायचे ते त्यातून पोलिसांना नेमके कळले पाहिजे.

या साखळीच्या प्रत्येक कडीला मुदत आहे. संगणक सुरक्षेवर देखरेख ठेवणाऱ्या ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सेवा देणाऱ्या कंपन्यांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी 180 दिवस ठेवायच्या असतात. दूरसंचार कंपन्यांना इंटरनेट वापराच्या नोंदी दोन वर्षे ठेवण्याची परवाना-अट आहे. वापरकर्त्याला स्वतःच्या पडद्यावर जे दिसते त्याची मुदत मात्र फारच थोडी. गूगल खात्यातील सुरक्षाविषयक घडामोडींची यादी 28 दिवसांची असते. इन्स्टाग्रामने पाठवलेले सुरक्षा-मेल ॲपमध्ये 14 दिवस दिसतात. जीमेलच्या कचरापेटीतला मेल 30 दिवसांनी कायमचा जातो. ‘होईल खाते परत, मग बघू’ म्हणून महिना काढला तर यातले काहीच हाती उरत नाही.

हे सगळे एका कल्पित पण नेहमीच्या धाटणीच्या उदाहरणावर पाहिलेले बरे. समजा, येवल्यातील एका पैठणी विक्रेतीचे इन्स्टाग्रामवर दुकानाचे खाते आहे. 14 जानेवारी 2025 रोजी रात्री 11:40 वाजता तिला संदेश येतो की दुकानाच्या छायाचित्रांवर स्वामित्वहक्काची तक्रार आली आहे, 24 तासांत अर्ज भरला नाही तर खाते बंद होईल. ती दुव्यावर जाऊन नाव, पासवर्ड आणि मोबाइलवर आलेला कोड भरते. रात्री 12 वाजून 12 मिनिटांनी खात्याचा ईमेल बदलला जातो. तसे कळवणारा मेल तिच्या जीमेलवर येतो, पण ती झोपलेली असते. सकाळी सातला एका ग्राहकाचा फोन येतो. दुकानाच्या स्टोरीवर ‘निम्म्या किमतीत पैठणी, 3,000 रुपये आगाऊ’ अशी जाहिरात आणि अनोळखी यूपीआय आयडी आहे, आणि दोघांनी पैसे भरलेही आहेत. इन्स्टाग्राम उघडत नाही. जीमेल उघडते, पण त्याचाही पासवर्ड तोच होता.

इथे पहिला फोन पुराव्यासाठी करायचा नसतो. ज्यांचे पैसे गेले त्या दोन ग्राहकांनी ताबडतोब 1930 वर फोन करायचा असतो, कारण पैसे पुढच्या खात्यात गोठवता येतात ते सुरुवातीच्या काही तासांत. हा फोन ग्राहकांनी स्वतः करणे चांगले. व्यवहाराचा क्रमांक, बँक आणि रक्कम त्यांच्याकडे असते आणि पैशांच्या बाबतीत फसवले गेलेले तेच असतात. खातेदाराची तक्रार वेगळी. या दोन तक्रारी एकत्र करण्याच्या नादात पहिले दोन तास जातात असा प्रकार बराच घडतो.

दुसरे काम जीमेलचे, कारण हॅकर त्यात अजून असू शकतो आणि इन्स्टाग्राम परत मिळवण्याची किल्ली याच मेलपेटीत आहे. पासवर्ड बदलण्याआधी तीन पानांचे स्क्रीनशॉट घ्यावेत. तीन-चार मिनिटांत हे होते. पहिले पान गूगल खात्याच्या सुरक्षा विभागातील ‘Your devices’. कोणकोणत्या फोन-संगणकांवर खाते उघडे आहे ते तिथे दिसते. दुसरे संगणकावरच दिसणारे: जीमेलच्या पानाच्या अगदी तळाशी उजवीकडे ‘Last account activity’ या ओळीखाली ‘Details’ असा बारीक दुवा असतो. तो उघडला की खाते अलीकडे ज्या दहा आयपी पत्त्यांवरून वापरले गेले ते पत्ते, वेळ आणि वापराचा प्रकार दिसतो. सामान्य वापरकर्त्याला आयपी पत्ता इतका सहज दाखवणाऱ्या जागा फार थोड्या आहेत, आणि ही त्यांतली सर्वांत दुर्लक्षित. तिसरे पान फिल्टर आणि फॉरवर्डिंगच्या सेटिंगचे. मुरलेला हॅकर इथे एक फिल्टर टाकून ठेवतो, ज्यामुळे इन्स्टाग्रामकडून आलेला प्रत्येक मेल थेट कचरापेटीत जातो किंवा हॅकरच्या पत्त्यावर वळतो. वळवलेला तो पत्ता हा तपासाला मिळणारा उत्तम धागा असतो. अनेक जण तो फिल्टर दिसताच संतापाने पुसून टाकतात. आधी स्क्रीनशॉट, मग पुसणे.

तिन्ही झाले की लगेच पासवर्ड बदलायचा, अनोळखी उपकरणे काढून टाकायची आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करायची. हॅकर त्या क्षणी अश्लील मजकूर टाकत असेल किंवा नातेवाइकांकडून पैसे उकळत असेल तर तीन-चार मिनिटेही थांबू नये, सरळ बाहेर काढावे. लॉगआउटने पडद्यावरची यादी जाते, कंपनीकडची नोंद जात नाही. पोलिसांचे काम थोडे लांबते, इतकेच.

व्हॉट्सॲपच्या बाबतीत हीच गोष्ट ‘Linked devices’ या पानाला लागू होते. तिथे अनोळखी संगणक जोडलेला दिसला तर त्याचे नाव आणि शेवटच्या वापराची वेळ टिपून मग तो काढावा. सहा अंकी कोड देऊन खाते दुसऱ्या फोनवर गेले असेल तर आपल्या फोनवर पुन्हा नोंदणी केली की तो फोन आपोआप बाहेर पडतो. अशा वेळी कोड आलेला एसएमएस आणि तो मागणारा फोन किंवा संदेश एवढाच पुरावा हाती असतो. तो एसएमएस डिलीट करू नये.

आता स्क्रीनशॉट कसा घ्यावा. सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे कापलेला स्क्रीनशॉट. नको असलेला भाग कापून, हॅकरच्या संदेशाभोवती लाल गोल काढून, ग्राहकांची नावे पुसट करून तो सादर केला जातो. असा स्क्रीनशॉट वाचायला सोपा असतो, पण पुरावा म्हणून लंगडा पडतो. मूळ चित्र पूर्ण पडद्याचे हवे. मोबाइलवर वरच्या पट्टीतले घड्याळ दिसले पाहिजे, संगणकावर ॲड्रेस बारमधला पूर्ण पत्ता आणि खालच्या कोपऱ्यातली तारीख-वेळ. खुणा करायच्या असतील तर त्या प्रतीवर कराव्यात.

दुसरी चूक नावाची. चॅटच्या वर फोनमध्ये साठवलेले नाव दिसते, ‘इन्स्टा फ्रॉड’ असे काहीतरी. पोलिसांना नंबर हवा असतो. म्हणून संपर्काची माहिती उघडून नंबर दिसेल असा वेगळा स्क्रीनशॉट लागतो. इन्स्टाग्रामवर त्याहून मोठा घोळ होतो: हॅकर खात्याचे नाव बदलतो. येवल्याच्या दुकानाचे खाते सकाळी सातला एका नावाचे, दुपारी दुसऱ्याच नावाचे असू शकते. तक्रारीत फक्त जुने नाव दिले तर कंपनीकडून ‘असे खाते सापडत नाही’ असे उत्तर येण्याचा धोका असतो. जुने नाव, सध्याचे नाव, प्रोफाइलचा पूर्ण वेब-पत्ता आणि खाते काढताना वापरलेला ईमेल व मोबाइल नंबर या गोष्टी एकत्र दिल्या की खाते ओळखण्यात चूक होत नाही.

स्टोरी 24 तासांत नाहीशी होते, म्हणून तिच्यासाठी पडद्याचे चित्रीकरण अधिक उपयोगी. फोनच्या मुख्य पडद्यापासून सुरुवात करावी, ॲप उघडावे, प्रोफाइलवर जावे, स्टोरी उघडावी, यूपीआय आयडी दिसेल इतका वेळ थांबावे. सलग चित्रीकरणात पान कुठून आले ते दिसते. सुट्या स्क्रीनशॉटबद्दल ‘हे बनवलेले आहे’ असा आक्षेप घेणे सोपे असते, आणि तो आक्षेप अगदी निराधारही नाही: ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानावरचा मजकूर बदलून त्याचा स्क्रीनशॉट घेणे शाळकरी मुलालाही जमते. विक्रेती स्वतः खात्याबाहेर असल्याने हे चित्रीकरण तिला ग्राहकाच्या किंवा घरातल्या दुसऱ्याच्या फोनवरून करावे लागेल. ज्याच्या फोनवरून केले त्याचे नाव टिपून ठेवावे, कारण त्या चित्रणाचा साक्षीदार तो आहे.

ग्राहकांकडून स्क्रीनशॉट मागवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न मागवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावेत. फोटो म्हणून पाठवलेले चित्र व्हॉट्सॲप दाबून लहान करते आणि त्याच्या आत साठवलेली मूळ माहिती गळते. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली फाइल जशीच्या तशी येते. ग्राहकांनी स्वतःच्या फोनमधली मूळ चॅट आणि पैसे भरल्याची नोंदही ठेवली पाहिजे. काही बँकिंग ॲप स्क्रीनशॉट घेऊ देत नाहीत, तिथे दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो काढला तरी चालतो.

मेलच्या बाबतीत स्क्रीनशॉट पुरेसा नसतो. मेल पडद्यावर दिसतो त्याच्या मागे त्याचा प्रवास नोंदवलेला असतो: कोणत्या सर्व्हरवरून निघाला, कोणत्या वेळी कुठे पोहोचला, पाठवणाऱ्याचे नाव खरे आहे की ओढूनताणून लावलेले. ही माहिती स्क्रीनशॉटमध्ये येत नाही, आणि मेल ‘फॉरवर्ड’ केला तर ती बदलते. जीमेलमध्ये मेल उघडून तीन टिंबांच्या यादीतून ‘Show original’ निवडावे आणि तिथल्या ‘Download original’ ने .eml फाइल उतरवून घ्यावी. येवल्याच्या उदाहरणात ईमेल बदलल्याचे कळवणारा, security@mail.instagram.com वरून आलेला मेल अशा रीतीने जपायचा आहे. त्यात बदल उलटवण्याचा दुवाही असतो. फाइल उतरवून झाली की तो दुवा वापरायचा, आणि तो चालला नाही तर instagram.com/hacked या पानावरून खाते परत मागायचे. मेलपेटीत मेल दिसत नसेल तर कचरापेटी पाहावी. मघाचा फिल्टर आठवतो ना?

इन्स्टाग्राम परत मिळाले की पुन्हा तोच क्रम. ‘Where you’re logged in’ हे पान आधी टिपायचे, मग इतर उपकरणे बाहेर काढायची. या पानावर उपकरण, अंदाजे ठिकाण आणि वेळ एवढेच दिसते. आयपी पत्त्यासाठी खात्याची माहिती उतरवून घ्यावी लागते. माहिती उतरवून घेण्याच्या पर्यायातून सुरक्षा आणि लॉगइनची माहिती मागवली की त्यात लॉगइनच्या नोंदींची फाइल मिळते. प्रत्येक लॉगइनची वेळ, आयपी पत्ता आणि कोणत्या फोनवरून वा ब्राउझरमधून ते झाले याचे वर्णन तिच्यात असते. मागणी करताना कालावधी पूर्ण निवडावा, आणि फाइलचा दुवा आपल्याच ईमेलवर जातो आहे याची खात्री करावी. हॅकरने बदललेला पत्ता खात्यात तसाच राहिला असेल तर ही सगळी माहिती आयती त्याच्याच हातात पडायची. गूगलकडेही Takeout मधून वापराच्या नोंदी अशाच मागवता येतात.

फाइल हाती आली की खरी गडबड सुरू होते ती वेळेची. समजा, विक्रेतीने इन्स्टाग्रामची फाइल जेसन स्वरूपात मागवली. ईमेल बदलल्याची वेळ तिच्यात अशी दिसेल:

```
"timestamp": 1736880120
```

हा आकडा म्हणजे 1 जानेवारी 1970 पासून उलटलेले सेकंद. त्याचा अर्थ जागतिक प्रमाणवेळेनुसार 14 जानेवारी 2025, 18:42. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे, म्हणजे 15 जानेवारीची रात्र, 00:12. त्याच घटनेचा मेल उतरवला तर त्याच्या मागच्या नोंदीत गूगलचे सर्व्हर कॅलिफोर्नियाची वेळ लिहितात: 14 जानेवारी, 10:42, आणि पुढे -0800. म्हणजे एकच क्षण तीन कागदांवर तीन वेळा, दोन तारखांना. तक्रारीत ‘14 जानेवारीला सायंकाळी पावणेसातला ईमेल बदलला’ असे लिहिले गेले तर पोलीस त्या सायंकाळची नोंद मागवतील, आणि त्या वेळी खाते विक्रेतीच्याच हातात होते.

वेळेतली ही चूक साधी वाटते, पण तपास तिच्यावर अडतो, कारण मोबाइल इंटरनेटवर आयपी पत्ता कायम एकाकडे नसतो. जुन्या पद्धतीचे, चार आकड्यांचे आयपी पत्ते कमी पडत असल्याने मोबाइल कंपन्या एकच पत्ता एकाच वेळी शेकडो ग्राहकांत वाटतात. काही मिनिटांनी तोच पत्ता आणखी कोणाकडे असतो. म्हणून नोंद देताना पत्ता, तारीख, सेकंदापर्यंतची वेळ आणि ती वेळ कोणत्या देशाची हे चारही एकत्र असावेत. कंपनीकडून पोर्ट क्रमांकही मिळाला तर ग्राहक वेगळा काढणे सोपे जाते, पण ते पोलिसांनी मागायचे असते. नव्या पद्धतीचे लांब पत्ते, आकडे, इंग्रजी अक्षरे आणि अपूर्णविरामांनी भरलेले, हाताने उतरवून घेताना हमखास चुकतात किंवा लांबलचक म्हणून अर्धेच लिहिले जातात. ते फाइलमधून जसेच्या तसे उचलावेत.

आयपी पत्त्याबरोबर दाखवलेल्या गावावर मात्र फार विसंबू नये. मोबाइल कंपन्यांची इंटरनेटची दारे मोठ्या शहरांत असतात, त्यामुळे येवल्यात बसून केलेले लॉगइन यादीत मुंबईचे किंवा पुण्याचे दिसू शकते. विक्रेती ‘मुंबईहून हॅक झाले’ असे लिहून स्वतःच्याच फोनची नोंद पोलिसांना देऊन बसते. यावर उपाय साधा आहे. आधी आपली उपकरणे ओळखावीत. यादीत सध्याचे उपकरण वेगळे दाखवलेले असते. घरातल्या वाय-फायवरून आणि मोबाइल डेटावरून आपला आयपी पत्ता काय दिसतो ते एकदा पाहून ठेवावे, दुकानातला संगणक, मुलीचा जुना टॅब्लेट, स्टोरी टाकणाऱ्या पुतण्याचा फोन हे सगळे आठवून त्यांच्या नोंदी बाजूला काढाव्यात. उरतात त्या संशयास्पद. उदाहरणात अशी एकच नोंद उरेल: 15 जानेवारी, 00:09, आयपी 203.0.113.45, ब्राउझरमधून, आणि विक्रेती ते ॲप कायम फोनवरच वापरते. ईमेल बदलण्याच्या तीन मिनिटे आधीची ही नोंद तक्रारीचा कणा ठरते. तो पत्ता एखाद्या व्हीपीएनचा निघाला तर साखळी तिथे अडखळते, हेही खरे. मग यूपीआय आयडी, वळवलेला ईमेल आणि हॅकरने जोडलेला मोबाइल नंबर यांच्या वाटेने तपास जातो, म्हणून ते धागेही टिपलेले असावे लागतात.

फोन हा स्वतःच पुरावा असू शकतो. दुव्याऐवजी ‘आरटीओ चलन’ किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने आलेली एपीके फाइल उघडून खाते गेले असेल तर फोन फॉरमॅट करण्याचा सल्ला चहूकडून मिळतो. फॉरमॅट केला की ती फाइल, तिने वळवलेले एसएमएस, सगळे गेले. फोन एअरप्लेन मोडवर टाकून बाजूला ठेवावा, वाय-फायही बंद आहे ना ते पाहावे, बँकेचे व्यवहार दुसऱ्या उपकरणावरून थांबवावेत आणि फोन तसाच पोलिसांकडे न्यावा.

गोळा केलेल्या फाइली न्यायालयापर्यंत पुराव्याच्या रूपात पोहोचायच्या तर कायद्याची एक अट आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीबरोबर प्रमाणपत्र द्यावे लागते. पूर्वी हीच अट जुन्या कायद्याच्या कलम 65ब मध्ये होती. तिचे वजन ठरवणारा निकाल महाराष्ट्रातूनच गेलेला आहे. जालन्याच्या 2014 च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाल्याचा वाद झाला आणि निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणाला प्रमाणपत्र नव्हते. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलाश गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी स्पष्ट केले की प्रमाणपत्र सक्तीचे आहे. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने न्यायालयात आणून सिद्ध केले तर त्याची गरज नाही.

नव्या कायद्याच्या परिशिष्टात प्रमाणपत्राचा नमुना दोन भागांत दिला आहे. भाग ‘अ’ नोंद सादर करणाऱ्याने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने. पहिल्या भागात उपकरणाची कंपनी, मॉडेल, सिरीयल किंवा आयएमईआय क्रमांक, ते आपल्या ताब्यात होते आणि नीट चालत होते हे विधान, आणि प्रत्येक फाइलचे हॅश मूल्य लिहायचे असते. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेली अक्षर-आकड्यांची ओळ. फाइलमधला एक ठिपका बदलला तरी ती पूर्ण बदलते. विंडोज संगणकावर पॉवरशेल उघडून ती अशी काढता येते:

```
Get-FileHash .\story.mp4 -Algorithm SHA256
```

समोर येणारी 64 अक्षरांची ओळ फाइलच्या नावाशेजारी टिपून ठेवायची. फाइल हाती आल्या दिवशीच हे केले तर वर्षाने ‘ही तीच फाइल’ हे दाखवता येते. त्यानंतर मूळ फाइल उघडून पुन्हा सेव्ह करू नये. फाइलचे नाव बदलल्याने हॅश बदलत नाही, त्यामुळे नावे सुबोध करायला हरकत नाही. एक संच पेनड्राइव्हवर, एक दुसऱ्या ठिकाणी. ज्या मेलखात्यात हॅकर शिरला होता त्याच्याच क्लाउडवर एकमेव प्रत ठेवणे शहाणपणाचे नाही.

तक्रारीसोबत एक पानाचा घटनाक्रम जोडावा. वेळा सगळ्या भारतीय, आणि प्रत्येक ओळीपुढे आधाराच्या फाइलचे नाव: 14 जानेवारी रात्री 11:40, फसवा संदेश, 15 जानेवारी 00:09, अनोळखी लॉगइन, 00:12, ईमेल बदल, सकाळी 7, ग्राहकाचा फोन, मग यूपीआय आयडी, पैसे भरल्याच्या वेळा आणि रकमा, जीमेलचा पासवर्ड कधी बदलला, इन्स्टाग्राम कधी परत आले. आपण काय केले त्या वेळाही लिहाव्यात, नाहीतर आपले लॉगइन हॅकरच्या नोंदींत मिसळते. पासवर्ड किंवा ओटीपी मात्र कुठेही लिहू नये.

तक्रार cybercrime.gov.in वर करता येते आणि तिचा पोच क्रमांक मिळतो. ही नोंद म्हणजे एफआयआर नव्हे. गुन्हा दाखल करून घेण्यासाठी जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा जिल्ह्याच्या, आयुक्तालयाच्या सायबर पोलीस ठाण्यात जावे लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार हद्दीचे कारण सांगून फिर्याद नाकारता येत नाही. फिर्याद ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची असते, आणि एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. अशा प्रकरणात माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे लागतात: दुसऱ्याचा पासवर्ड वा ओळख वापरल्याबद्दल 66क, त्याच्या नावाने फसवल्याबद्दल 66ड, दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद. या कायद्याखालील तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी करतो. कंपनीकडे नोंदी जपून ठेवण्याची विनंती लवकर पाठवावी असे अर्जातच लिहावे. मेटा कंपनी पोलिसांकडून अशी विनंती आल्यावर औपचारिक नोटीस येईपर्यंत 90 दिवस नोंदी राखून ठेवते.

पोलिसांनी फोन ताब्यात घेतला तर पंचनाम्यात त्याचा आयएमईआय नोंदला आहे ना ते पाहावे आणि प्रत मागावी. घेतला नाही तर तो विकू नये, एक्स्चेंजमध्ये देऊ नये. प्रमाणपत्रात ज्या उपकरणाचा क्रमांक लिहिला तेच उपकरण खटल्याच्या वेळी मागितले जाऊ शकते.